वर्गसंवादाने खरंच फरक पडतो का? हाव आणि सहकाऱ्यांच्या 2019 मधील लेखाचा चिकित्सक सारांश

ख्रिस्तीन हाव, सारा हेनेसी, नील मर्सर, मारिया व्रिकी आणि लिसा व्हीटली यांचा हा लेख ‘जर्नल ऑफ द लर्निंग सायन्सेस’च्या 28 व्या खंडात आला. वर्गसंवादाचे गोडवे अनेकांनी गायले, पण रोजच्या अध्यापनातला संवाद आणि मुलांची निष्पत्ती यांचा संबंध मोठ्या नमुन्यावर क्वचितच तपासला गेला होता. ही उणीव लेखकांनी भरून काढली. इंग्लंडमधले 10–11 वर्षांच्या मुलांचे 72 वर्ग निवडून प्रत्येक वर्गाच्या दोन तासिकांचं चित्रीकरण केलं, प्रत्येक बोलणं 12 संकेतांनी, म्हणजे बोलण्याच्या ठरावीक प्रकारांनी, नोंदवलं आणि ते तिथल्या सॅट्स या राष्ट्रीय शालेय चाचण्यांचे गुण व मुलांची वृत्ती यांच्याशी मूल आणि वर्ग हे स्तर वेगळे धरणाऱ्या बहुस्तरीय विश्लेषणाने जोडून पाहिलं.

आधीच्या बोलण्यात भर घालणं (विस्तार) आणि त्यावर शंका घेणं यांचा चाचणीतल्या यशाशी धन संबंध दिसला, पण केवळ जिथे मुलांचा सहभाग भरघोस होता तिथेच. माझ्या मते लेखाचा जीव या अटीत आहे. ‘आणखी सांग’ म्हणणारा शिक्षक पुरेसा नाही, मुलांनी एकमेकांच्या विचारांना भिडायला हवं.

अडचणही इथेच आहे. लेखकांनी प्रत्येक तासिकेतल्या मुलांच्या सहभागाला श्रेणी दिली, आणि वरची श्रेणी मिळते ती मुलं इतरांच्या कल्पनांवर भर घालतात किंवा त्यांना आव्हान देतात तेव्हा. म्हणजे विस्तार आणि शंका हे संकेत ज्या वर्तनावर पडतात, त्याच्यावरच सहभागाची श्रेणीही बरीचशी ठरते. दोन चलांची परस्परक्रिया तपासताना त्यांची मापं अशी एकमेकांवर पडली, तर ‘अट’ कुठे संपते आणि ‘कारण’ कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही.

दुसरी मर्यादा वारंवारतेची, म्हणजे कोणता संकेत किती वेळा आला एवढंच मोजण्याची. एक कल्पित प्रसंग घेऊ. एक मुलगी म्हणते, ‘3/4 हा 2/3 पेक्षा मोठा, कारण 3 हा 2 पेक्षा मोठा आहे.’ दुसरा म्हणतो, ‘मग 3/5 पण मोठा व्हायला हवा, पण तो तर लहान आहे!’ उत्तर बरोबर, कारण चुकीचं, हे त्याच्या एका वाक्याने उघडं पडलं. आता शिक्षकाने ते वाक्य फळ्यावर लिहून वर्गापुढे ठेवलं, की ‘बरं, पुढे’ म्हणून सोडून दिलं? संवादाचं सोनं इथे होतं किंवा माती. मोजणीत मात्र दोन्ही वेळा ती एकच शंका. संकेतांची बेरीज क्रम पुसून टाकते.

दोन तासिकांवरून वर्षभराची सवय ठरवणंही धाडसाचंच, त्यात कॅमेरा समोर. शिवाय अभ्यास सहसंबंधात्मक आहे, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच तो दाखवतो, कारण सिद्ध करत नाही: हुशार, बोलका वर्ग शिक्षकाकडून चांगला संवाद काढून घेतो, ही उलटी दिशा पूर्ण बाद होत नाही.

तरीही ‘संवाद वाढवा’ या सरधोपट सल्ल्याला या लेखाने अट घातली, हे त्याचं मोठं काम. पुढच्या अभ्यासाने शंकेनंतरच्या तीन-चार बोलण्यांची साखळी हे विश्लेषणाचं एकक धरावं आणि सहभागाचं माप त्या संकेतांपासून वेगळं काढावं. उदाहरणार्थ, किती वेगवेगळी मुलं बोलली एवढंच मोजावं.