मनोनकाशा: अंतराने उजळणी आणि दीर्घकालीन स्मरण (प्रकरण २, पूर्वसंशोधनाचा आढावा)

मध्यबिंदू: उजळणीतलं अंतर वाढवलं तर आठवण किती टिकते?

- मुळं
  - एबिंगहाउस, १८८५
    - निरर्थक अक्षरजोड्या
    - प्रयोगाचा विषय स्वतःच!
    - पुन्हा शिकताना वाचलेला वेळ
  - मुरे–ड्रोस, २०१५: तोच प्रयोग पुन्हा, विस्मरणाचा वक्र जुळला

- अंतराचा परिणाम *(सगळ्यात जाड फांदी, निम्मं प्रकरण इथेच)*
  - किती अंतर?
    - सेपेडा व सहकारी, २००६: एकत्रित विश्लेषण
    - तेच, २००८: परीक्षा जितकी दूर, तितकं अंतर मोठं
    - समान की वाढतं? → मतभेद
  - का घडतं?
    - संदर्भ बदलतो
    - आठवायला कष्ट पडतात
    - दुसऱ्या वाचनात लक्ष ढिलं *(सलग उजळणीत)*
  - कशावर तपासलं?
    - शब्दयाद्या: ढीगभर
    - गणित: रोहरर–टेलर
    - संकल्पना: कमी

- शेजारची फांदी: स्वचाचणी
  - रोडिगर–कार्पिके, २००६
    - ५ मिनिटांनी: पुन्हा वाचन सरस
    - आठवड्याने: चाचणी सरस
  - ⇢ तुटक रेघ «आठवायला कष्ट» कडे

- पद्धती
  - प्रयोगशाळा / वर्ग
  - शेवटची चाचणी केव्हा?

- पोकळी *(लाल शाई)*
  - खऱ्या वर्गात, महिन्यांच्या अंतराने
  - विद्यार्थी स्वतः अंतर ठरवतो तेव्हा → माझा प्रश्न

- बाजूला ठेवलेलं
  - झोप आणि स्मरण: मोह होतो, पण तो वेगळाच प्रबंध
  - मेंदूची चित्रं: एक परिच्छेद पुरे