विषय: ३० किलोवॅट सोलरचं प्रपोजल – सोसायटी घेत नाहीये

नमस्कार,

काल रात्री तुमचा मिस्ड कॉल बघितला पण मुद्दाम उचलला नाही, कारण फोनवर बोललो असतो तर मी पुन्हा "बघू, मीटिंगमध्ये ठेवतो" असं काहीतरी बोलून बसलो असतो आणि तुम्ही अजून महिनाभर वाट बघत बसला असतात. म्हणून लिहूनच कळवतोय. रविवारच्या एजीएममध्ये तुमचं प्रपोजल ठेवलं, चर्चा झाली, आणि सोलर आत्ता घ्यायचं नाही असं ठरलं. पेंडिंग नाही, होल्डवर पण नाही, नाही म्हणूनच ठरलंय आणि मिनिट्समध्ये तसंच लिहिलंय.

दुसऱ्या कोणाला दिलंय असं समजू नका, कोणालाच दिलेलं नाही. बाकी दोन कोटेशनवाल्यांनाही आजच असाच मेल जातोय.

आता कारणं. ती लपवण्यात अर्थ नाही, तुम्ही दोनदा येऊन भर उन्हात टेरेसवर चढून मापं घेतलीत, टाकीची आणि लिफ्टच्या मशीन रूमची सावली कुठपर्यंत येते त्याचं ड्रॉइंग करून दिलंत, एवढं बाकी दोघांपैकी कोणीच केलं नव्हतं.

मुख्य अडचण टेरेसचीच आहे. बी विंगच्या वरच्या चारही फ्लॅटमध्ये या पावसाळ्यात गळलंय, एका घरात तर हॉलमध्ये बादली ठेवून लोक टीव्ही बघत होते. १९९८ ची बिल्डिंग, ब्रिकबॅट कोबा तेव्हाचाच, तो पूर्ण काढून नवीन करायचा असं ठरलंय. तुम्ही म्हणालात की स्ट्रक्चरच्या पायांखाली केमिकल मारून देतो, पण प्रश्न पायांचा नाहीये, सगळ्या स्लॅबचा आहे, आणि आज पॅनल लावून उद्या कोबा करायला ते सगळं उतरवायचं म्हणजे दोनदा खर्च. कोब्याचं काम जानेवारीनंतर सुरू होईल, मग पुढचा एक पावसाळा पूर्ण बघायचा, गळत नाही अशी खात्री झाल्याशिवाय टेरेसवर कोणालाच एक भोकसुद्धा पाडू द्यायचं नाही असं वरच्या मजल्यावरच्या लोकांनी बजावलंय, आणि त्यांचं काही चुकत नाही.

दुसरं पैशांचं. १८ लाख ६० हजार आधी पूर्ण आम्ही भरायचे आणि किलोवॅटला १८ हजारप्रमाणे ५ लाख ४० हजार सबसिडी नंतर खात्यात येणार. कोब्याला साधारण ११ लाख लागतायत, सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही, लोन काढायला सभेची तयारी नाही. तुम्ही दुसरा ऑप्शन दिला होतात, म्हणजे प्लांट तुमचा आणि आम्ही फक्त युनिटचे पैसे द्यायचे, तो लोकांना आधी आवडला होता खरं सांगायचं तर, पण २५ वर्षांचा करार म्हटल्यावर सगळे गप्प झाले. आमच्या रस्त्यावर दोन सोसायट्या रिडेव्हलपमेंटला गेल्यात, आमची कधी जाईल सांगता येत नाही, आणि तेव्हा तो करार गळ्यात अडकायला नको.

तिसरं कारण जरा तुमच्या बाजूचं आहे, राग मानू नका. आमचं कॉमन मीटरचं बिल, लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे सगळं धरून, महिन्याला सरासरी २,६०० युनिट आहे. म्हणजे वर्षाला ३१ हजारांच्या आसपास. एका किलोवॅटला दिवसाला ४ युनिट धरले, हा आकडा तुमच्याच प्रपोजलमधला, तर ३० किलोवॅट वर्षाला ४३ हजारांच्या वर युनिट बनवणार. वरचे १२ हजार युनिट आम्ही काय करायचे? नेट मीटरिंगमध्ये वर्षाअखेरीला उरलेल्या युनिटला महावितरण जो दर देतं तो आमच्या बिलाच्या दरापेक्षा बराच कमी असतो, आणि तुमच्या "४ वर्षांत पैसे वसूल" वाल्या पानावर मात्र प्रत्येक युनिट बिलाच्या दराने धरलेलं होतं. आमच्याकडे एक रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनिअर काका आहेत त्यांनी सभेत हे पाच मिनिटांत काढून दाखवलं, आणि नंतर बाकीचं प्रपोजल कितीही चांगलं असलं तरी लोकांचा विश्वास थोडा हललाच. आम्हाला २० ते २२ किलोवॅट पुरतं.

तरीही स्पष्ट सांगतो, उद्या तुम्ही २२ किलोवॅटचं नवीन कोटेशन किंवा २ लाख कमी करून पाठवलंत तरी उत्तर हेच राहणार, कारण अडलंय ते टेरेसवर, रेटवर नाही. त्यामुळे "महिनाअखेरपर्यंतच हा रेट" वगैरे आमच्यासाठी धरून ठेवू नका, तुमचं टार्गेट दुसरीकडे लावा. स्कीम २०२६-२७ पर्यंतच आहे हेही सभेत सांगितलं, सबसिडी हुकली तर हुकली असं लोकांनी समजून उमजून ठरवलंय.

अजून एक. कमिटीतल्या एकांनी तुम्हाला चहावर "तुमचंच फायनल समजा" असं सांगितलं होतं हे मला आता कळलं. त्यांनी ते प्रेमाने सांगितलं असेल पण तसं सांगायचा अधिकार त्यांना नव्हता, मलाही नाही, त्याबद्दल सोसायटीकडून सॉरी. आणि काही मेंबरनी वैयक्तिक ३ किलोवॅटसाठी तुम्हाला विचारलंय असं ऐकलं, तर टेरेस सोसायटीची आहे आणि कोब्याचं काम होईपर्यंत एनओसी कोणालाच मिळणार नाही, उगाच त्यांच्याकडून ॲडव्हान्स घेऊ नका.

पोर्टलवर आमच्या ग्राहक क्रमांकाने अर्ज टाकून ठेवला असेल तर तो कॅन्सल करा आणि तसा मेल करा. लाइट बिलांच्या कॉपी आणि टेरेसचा प्लॅन तुमच्याकडे आहे तो पुढे कोणाला देऊ नका.

आता पुढचं. पुढच्या वर्षीचा पावसाळा कोरडा गेला, म्हणजे आमच्या छताखाली कोरडा, तर हा विषय परत निघू शकतो. निघेलच असं मी म्हणत नाही. तुम्हाला इंटरेस्ट असेल तर पुढच्या वर्षी दिवाळीनंतर सोसायटीच्या याच मेलवर एकदा लिहा, तेव्हा विषय चालू असेल तर तीन कोटेशनमध्ये तुमचं एक नक्की मागवू, पण पहिला मान किंवा जुन्या सर्व्हेचं वजन वगैरे काही नाही, सगळ्यांबरोबर सारखंच. तेव्हा पाठवताना किलोवॅट आमच्या १२ महिन्यांच्या बिलावरून काढा, पॅनल सबसिडीला चालणारे भारतात बनलेल्या सेलचेच आहेत हे लिहून द्या, आणि पॅनल धुण्याचा व एएमसीचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा, यावेळी तो "फ्री" लिहिला होता आणि खाली बारीक अक्षरात फक्त पहिलं वर्ष.

तोपर्यंत फोन, व्हॉट्सॲप, "सहज आलो होतो" नको. मी तुमचा नंबर ब्लॉक करणार नाहीये, पण उचलणारही नाही.

हां, तुमच्या मुलाचा मापाचा टेप टेरेसवर राहिला होता, पिवळा, ३० मीटरचा. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलाय, तेवढा घेऊन जा.

सेक्रेटरी
(तुम्ही ज्यांना काका म्हणता तेच)