हप्त्यांची शिवण आणि हरिभाऊंची कादंबरी : एका अभ्यासग्रंथाचे परीक्षण

हरिभाऊ आपटे पाल्हाळ लावतात, ही तक्रार मराठी समीक्षेत इतकी रुळली आहे की ती कुणी सिद्ध करत बसत नाही. एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत ती दरवर्षी येते. बहुधा गाईडमधून येते, कादंबरी वाचून नव्हे. 'हप्त्यांची शिवण' हा ३१२ पानांचा अभ्यासग्रंथ या तक्रारीलाच हात घालतो, म्हणून तो वाचायला घेतला. लेखिकेचे म्हणणे थोडक्यात असे : ज्याला आपण पाल्हाळ म्हणतो तो साप्ताहिकातून क्रमशः लिहिण्याचा घाट आहे. 'करमणूक' १८९० साली सुरू झाले, संपादक हरिभाऊच होते, आणि आठवड्याला मजकूर पुरवायचा तर कादंबरी लांबणे, वळणे घेणे, वाचकाशी गप्पा मारत थांबणे हे ओघाने आलेच. पुस्तकाच्या बांधणीत जे सैल दिसते ते साप्ताहिकाच्या पानावर सैल नव्हते.

म्हणणे आकर्षक आहे. माझ्या मते ते अर्धेअधिक खरेही आहे. पण लेखिकेने ते ज्या पुराव्यावर उभे केले आहे तो पुरावा लंगडा आहे, आणि जो भक्कम पुरावा हाताशी होता तो तळटिपेत पडून राहिला आहे.

आधी जमलेल्या भागाविषयी. तिसरे प्रकरण 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीवर आहे आणि केवळ या प्रकरणासाठी ग्रंथ विकत घ्यावा. ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात 'करमणुकी'तून आली. यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते. रघुनाथरावांबरोबर मुंबईला बिऱ्हाड केल्यावरचे तिचे दिवस, लिहिणे-वाचणे, दोघांचा संसार, हे सगळे लेखक रेंगाळत सांगतो. कथानकाला त्यातल्या बऱ्याच भागाची गरज नाही, असे आजवर म्हटले गेले. लेखिका उलट विचारते : हे वाचणाऱ्याला त्या वेळी पुढचे माहीत होते का? आपण पुस्तक हातात घेतो तेव्हा यमू विधवा होणार, तिचे केशवपन होणार हे आपल्याला प्रस्तावनेतूनच कळलेले असते. साप्ताहिकाच्या वाचकाला ते ठाऊक नव्हते. तो महिनोन्‌महिने यमूच्या शेजारी राहत होता. म्हणून वैधव्य आले तेव्हा ते गोष्टीतल्या पात्रावर आले नाही, शेजारच्या घरावर आले. मुंबईचे लांबलेले दिवस म्हणजे त्या आघाताची पूर्वतयारी, असे हे वाचन आहे. वर्गात मी ते सांगून पाहिले. अक्कलकोटहून रोज एस.टी.ने येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मालिकेतलं माणूस गेलं की आमच्या आजीच्या घशाखाली घास उतरत नाही, तसंच ना?" तसेच.

याच प्रकरणात कालगणनेचा एक नेमका उपयोग केला आहे. संमतिवयाचा कायदा मार्च १८९१मध्ये झाला, म्हणजे कादंबरी चालू असताना. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेण्यावरून पुण्यात रान उठले होते आणि त्याच पुण्यात यमूची मैत्रीण दुर्गी हिच्या सासरची हकीकत आठवड्या-आठवड्याने छापून येत होती. लेखिका इथे कादंबरीला कायद्याची जाहिरात ठरवत नाही. वाद वर्तमानपत्रात पुरुष घालत होते आणि गोष्ट एक मुलगी सांगत होती, हा फरक ती दाखवते आणि थांबते. हा संयम पुढे टिकलेला नाही.

आता पुराव्याकडे. 'हप्त्यांची शिवण' असे नाव घेतलेल्या ग्रंथात एकही हप्ता समोर ठेवलेला नाही. कोणता मजकूर कोणत्या अंकात संपला, त्याच्या आगेमागे पानावर काय छापले होते, पुस्तक करताना काय गाळले वा जोडले, यांपैकी काही नाही. लेखिकेने पुस्तकातली प्रकरणे म्हणजेच हप्ते असे धरले आहे आणि प्रकरणांच्या शेवटांवरून 'वाचकाला टांगून ठेवण्याचे तंत्र' काढले आहे. शिवण कुठे आहे हे पाहायचे तर कापड उलटे करावे लागते. हे सोलापुरात तरी कुणाला वेगळे सांगायला नको. चादरीची सुलट बाजू पाहून विणकाम सांगणारा गिऱ्हाईक असतो, विणकर नसतो. जुन्या साप्ताहिकांचे बांधीव खंड मिळवणे कष्टाचे आहे, हे मला मान्य आहे. आमच्याकडच्या एका जुन्या वाचनालयात असाच एक खंड मी मागितला, तर आधी दोन दिवस कपाटाची किल्ली मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा कडेचा कागद बोटाला लागताच पापडासारखा तुटू लागला. पण मग दावा तेवढाच करावा. 'प्रकरणांच्या रचनेवरून असे अनुमान निघते' एवढे म्हटले असते तर माझी हरकत नव्हती. लेखिका 'सिद्ध होते' म्हणते, आणि तेही चार ठिकाणी.

शिवाय अवतरणांना पृष्ठांक आहेत, आवृत्ती कोणती ते नाही. हरिभाऊंच्या कादंबऱ्या शंभरावर वर्षे निरनिराळ्या रूपांत छापल्या जात आहेत, संक्षिप्त रूपांतही. घाटाबद्दल बोलणाऱ्याने आवृत्ती न सांगणे ही बारीक चूक नव्हे.

दुसरा प्रश्न युक्तिवादाचा आहे. सैलपणाचे कारण 'करमणूक' आणि तिचे संपादकपद, असे असेल तर 'मधली स्थिति'चे काय करायचे? ही पहिली कादंबरी १८८५ साली 'पुणे वैभव'मधून आली. तेव्हा 'करमणूक' नव्हती आणि हरिभाऊ संपादकही नव्हते. तरी पसारा तोच, उपकथानके तशीच. लेखिका तिला 'उमेदवारीचा काळ' म्हणून दोन पानांत वाटेला लावते. खरे तर इथेच तिच्या सिद्धान्ताला आधार मिळाला असता. त्या कादंबरीमागे इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सचे लंडनच्या रहस्यांवरचे लेखन आहे, हे सर्वज्ञात आहे, आणि रेनॉल्ड्सचे ते लेखन १८४४पासून पेनी-पेनीला विकल्या जाणाऱ्या साप्ताहिक अंकांतूनच निघाले होते. म्हणजे हप्त्यांचा घाट हरिभाऊंना संपादकाच्या खुर्चीत बसल्यावर सापडला नाही, तो वाचनातूनच तयार मिळाला होता. 'संपादक असल्यामुळे' या कारणाऐवजी 'क्रमशः वाचत वाढल्यामुळे' हे कारण धरले असते तर दावा अधिक टिकाऊ झाला असता.

आणि ती तळटीप. पृष्ठ १८७वर बारीक टाइपात 'आजच', 'मायेचा बाजार' आणि 'कर्मयोग' या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्याची नोंद आहे. बस्स, एक वाक्य! एक कसबी कादंबरीकार पुन्हा पुन्हा कादंबरी अर्ध्यात सोडतो, याहून क्रमशः लेखनाचा मोठा पुरावा कोणता? पूर्ण हस्तलिखित प्रकाशकाच्या हाती द्यावे लागले असते तर असे घडले नसते. शेवट ठरलेला नसताना सुरुवात छापून जाते, ही या पद्धतीची ताकदही आहे आणि धोकाही. यावर एक अख्खे प्रकरण व्हायला हवे होते. मला हा ग्रंथ वाचताना सगळ्यांत जास्त हळहळ इथे वाटली.

ऐतिहासिक कादंबऱ्यांवरचे प्रकरण उरकलेले आहे. त्या 'वर्तमानातून पलायन' आहेत, हा शेरा नवा नाही आणि इथे तपासलेलाही नाही. 'उषःकाल'सुद्धा 'करमणुकी'तूनच आली आणि ती सामाजिक कादंबऱ्यांपेक्षा कितीतरी बांधीव आहे. मग घाट साप्ताहिकाने ठरतो की विषयाने, हा प्रश्न दारात उभा असताना लेखिकेने दार लावून घेतले आहे. 'सूर्योदय' ही 'उषःकाल'च्या आधीची म्हणून छापली आहे, ती चूक मुद्रणाची असावी, कारण परिशिष्टात क्रम बरोबर आहे. 'वज्राघात'बद्दल दीड पान. विजयनगरच्या ज्या पाडावाची ती कादंबरी आहे, त्याआधी सुलतानांची जी सोयरीक जुळली तीत चांदबिबीच्या हुंड्यात सोलापूरचा किल्ला गेला होता. रोज त्या तटाजवळून कॉलेजला जाणाऱ्या माणसाला दीड पान कमी वाटणारच. हा माझा पक्षपात समजावा आणि गुणदोषांत धरू नये.

पक्षपात म्हणून बाजूला ठेवता येणार नाही असा आक्षेप वेगळा आहे. लेखिकेच्या मते विधवेच्या दुःखाला मराठी कादंबरीत 'प्रथमच' यमूने वाचा फोडली. बाबा पद्मनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७चे आहे. त्याचा विषय हिंदू विधवांची स्थिती हाच आहे आणि नायिकेचे नावही यमुना. दोन यमुनांमध्ये काय नाते आहे, हरिभाऊंनी हे नाव जाणून घेतले की योगायोगाने आले, हे ठरवणे अवघड असेल, पण प्रश्न विचारायला हवा होता. पद्मनजींचे नाव ग्रंथात कुठेही नाही. तसेच केशवपनाच्या प्रसंगाची चर्चा पूर्णपणे पांढरपेशा सुधारकांच्या वादाच्या चौकटीत होते. १८९०मध्येच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. कादंबरी सुरू झाली ते हेच साल. वस्तरा ज्याच्या हातात दिला जात होता त्याची बाजू समाजात बोलू लागली होती. कादंबरीत ती कितपत उमटली, हे तपासले असते तर 'सार्वजनिक अवकाश' या लेखिकेच्या आवडत्या संकल्पनेला खरोखर काही काम मिळाले असते. सध्या ती दर चार पानांनी हजेरी लावते आणि बसून राहते.

'काळ तर मोठा कठीण आला!' ही दुष्काळावरची कथा तर दोन परिच्छेदांत संपते, कारण ती कादंबरी नाही. पण क्रमशः न लिहिता हरिभाऊ किती आवरून लिहू शकत, हे तिथे दिसते. तिचे इंग्रजी रूप लंडनहून 'रामजी' या नावाने निघाले. ग्रंथाच्या सिद्धान्ताला तुलनेसाठी याहून सोयीचे काही नव्हते.

एवढे आक्षेप घेऊनही ग्रंथाचे योगदान मी कमी मानत नाही. हरिभाऊंवर बोलताना आपण सुधारणावाद आणि वास्तववाद या दोन खुंट्यांभोवतीच फिरत आलो. छपाईचे माध्यम आणि वाचनाचा वेग हे मुद्दे मध्यभागी आणण्याचे श्रेय या लेखिकेचे. पदव्युत्तर वर्गाला तिसरे प्रकरण आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध नेमावा. पाचवे नेमू नये. संशोधक विद्यार्थ्यांनी मात्र तळटिपा आधी वाचाव्यात, विषय तिथे आहेत.

भाषा बहुतेक ठिकाणी स्वच्छ आहे. प्रबंधाचे पुस्तक करताना पहिली चाळीस पाने काढता आली असती, 'संशोधनाची गृहीतके' या मथळ्यासकट. शेवटी नामसूची नाही. ३१२ पानांत 'करमणुकी'चा उल्लेख कुठे कुठे आहे, हे शोधायला मला पेन्सिल घेऊन दोन संध्याकाळी बसावे लागले. पुढच्या आवृत्तीत सूची द्यावी, आणि जमल्यास 'पण लक्षात कोण घेतो?'च्या एखाद्या तरी हप्त्याच्या मूळ पानाचे छायाचित्र छापावे.