बीड बायपासवरील गावरान थाळी : भाकरी अव्वल, बिलावर नजर ठेवावी

रविवारी दुपारी आम्ही चौघे जण छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासवरील या हॉटेलात जेवलो. गर्दीमुळे टेबल मिळायला अर्धा तास लागला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मात्र नावनोंदणीची सोय नसल्याने मागून आलेले लोक आधी बसले, हे खटकले.

येथे आवर्जून खावी अशी गोष्ट म्हणजे ज्वारीची भाकरी. ती चुलीवर आपल्यासमोर थापली जाते, पापुद्रा पूर्ण सुटलेली असते आणि कडा कच्च्या राहत नाहीत. ज्वारी मालदांडी असल्याचे वाढप्याने सांगितले. ते पडताळून पाहण्याचे साधन माझ्याकडे नाही, पण ताटात गार झालेली भाकरीही वातड झाली नव्हती, एवढे खात्रीने सांगता येईल.

येसर आमटीविषयी मात्र मत विभागले गेले. धान्य आणि हरभऱ्याची डाळ खरपूस भाजून, धणे-जिरे व मसाल्यांसह दळलेल्या येसराचा वास पहिल्या वाटीला अगदी लग्नाच्या पंगतीतल्यासारखा आला आणि मूळचे केजचे असलेले माझे सासरे, जे बाहेरच्या जेवणाला सहसा नावेच ठेवतात, त्यांनीही ती मागून घेतली. दुसऱ्या खेपेची आमटी मात्र पाणी घालून वाढवल्यासारखी पातळ होती आणि तिला मिठाचा पत्ता नव्हता. भरल्या वांग्यात शेंगदाण्याचे कूट सढळ होते, तेल त्याहून सढळ. धपाटे ठीक होते, शिरा टाळला तरी चालेल.

वाढपी मंडळी नम्र आहेत, पण संख्येने कमी पडतात. भाकरीसाठी दोनदा हाक मारावी लागली, तर पाण्याचा जग न मागता कोणी आणून दिला नाही. बाटली मात्र बसताक्षणी समोर आली. हात धुण्याची जागा स्वच्छ होती.

थाळी 240 रुपयांना आहे. चार थाळ्या आणि 120 रुपयांचे धपाटे मिळून 1080 रुपये झाले, त्यावर 5 टक्के जीएसटीचे 54 रुपये लागले, तेही योग्यच. परंतु त्याखाली 50 रुपये ‘सेवा शुल्क’ आमच्या परवानगीविना जोडलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला असे शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही. गल्ल्यावर हे शांतपणे सांगताच ते वाद न घालता काढले गेले, याचे श्रेय मी व्यवस्थापकांना देतो, तरी जे विचारत नाहीत त्यांच्याकडून ते घेतले जात असणार, म्हणून एक तारा कमी केला आहे.

चवीला चार, सेवेला अडीच, एकूण पाचपैकी तीन तारे. भाकरीसाठी पुन्हा जाईन, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि दुपारी साडेबाराच्या आत, कारण त्या वेळी आमटीचे पहिले पातेले उतरत असते.