कामाच्या फेररचनेबाबत सूचना

जळगाव एमआयडीसी कारखाना व धुळे गोदाम
सोमवार, ६ जुलै २०२६
सर्व कायम कामगार आणि कर्मचाऱ्यांसाठी

१० ऑगस्टपासून चटई विभागाची रात्रपाळी बंद होत आहे. त्याच दिवसापासून धुळ्याचे गोदामही बंद होईल. या दोन निर्णयांमुळे आपल्या १३८ जागांपैकी ११ जागा कमी होतील: रात्रपाळीतल्या ८ आणि धुळ्यातल्या ३. त्या अकरा जणांना आज सकाळी एकेकाला भेटून सांगितले आणि त्यानंतरच ही सूचना बोर्डावर लावली. तुम्हाला आज बोलावणे आले नसेल, तर तुमची जागा या अकरात नाही.

कारण सांगतो. २०२३ मध्ये मागणी वाढेल असे धरून आपण तिसरी पाळी सुरू केली. तो अंदाज चुकला आणि तो व्यवस्थापनाचा होता, कामगारांचा नव्हे. आज २४ लूमपैकी १५ लूम चालतील एवढ्याच ऑर्डर हातात आहेत. धुळ्याच्या गोदामातला मालही आता जळगावहून थेट व्यापाऱ्यांकडे जातो. अकरा जणांपैकी कोणाच्याही कामात खोट होती म्हणून हा निर्णय झालेला नाही, आणि त्यांच्याविषयी तसे कोणी बोललेले आम्हाला चालणार नाही.

कोणाची जागा जाणार हे मर्जीने ठरलेले नाही. त्या त्या कामात जो शेवटी लागला त्याची जागा आधी, या नियमानेच ठरले आहे. सेवाज्येष्ठतेची यादी टाइम ऑफिसमध्ये पाहायला मिळेल. रुजू झाल्याची तारीख चुकली असे वाटले, तर १३ जुलैपर्यंत हजेरीपत्रक किंवा नेमणूकपत्र घेऊन या, तुमच्यासमोर तपासू.

या अकरा जणांना ९ ऑगस्टपर्यंतचा पूर्ण पगार, नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई, शिल्लक रजेचे पैसे आणि ज्यांची पाच वर्षे भरली आहेत त्यांना ग्रॅच्युइटी मिळेल. या वर्षीचा बोनसही त्यांच्या हक्काचा आहे, तो दिवाळीला सर्वांबरोबरच दिला जाईल. हिशेब शेवटच्या दिवसानंतर कामाच्या दोन दिवसांत बँकेत जमा होईल. पुढे त्याच कामाची जागा निघाली, तर पहिले बोलावणे त्यांनाच जाईल. दुसरीकडे मुलाखतीला जायचे असेल, तर या महिनाभरात चार दिवसांची भरपगारी सुट्टी घ्यावी, कारण विचारले जाणार नाही.

रात्रपाळीतले बाकी २३ जण पहिल्या व दुसऱ्या पाळीत येतील. त्यांचा मूळ पगार तोच राहील, पण रात्रपाळीचा भत्ता जाईल. म्हणजे हातात दरमहा सुमारे १,१०० रुपये कमी पडतील. या भत्त्यावर काहींचे हप्ते चालू आहेत हे आम्हाला माहीत आहे, म्हणून सप्टेंबरअखेरपर्यंत तो चालू ठेवतो. त्यापुढे तो मिळणार नाही. एरंडोल आणि धरणगावकडून येणाऱ्यांना पाळी निवडताना एसटीच्या वेळेनुसार आधी संधी मिळेल.

धुळ्यातल्या सातपैकी चार जणांना जळगावला यावे लागेल. अंतर ९० किलोमीटरच्या वर आहे आणि मुलांच्या शाळा नुकत्याच सुरू झाल्या आहेत. त्यामुळे दिवाळीपर्यंत येण्याजाण्याचे भाडे कंपनी देईल, घर हलवायचे असल्यास सामानाचा खर्चही देईल. कोणाला येणे जमणारच नसेल, तर त्याने तसे २० जुलैपर्यंत लिहून द्यावे. त्याला वरच्या अकरा जणांप्रमाणेच सर्व रक्कम मिळेल.

इतरांच्या पगारात, पीएफमध्ये किंवा कामाच्या तासांत बदल नाही. एक गोष्ट अजून ठरायची आहे: रात्रपाळी नसताना देखभाल विभागाच्या पाळ्या कशा लावायच्या. ते शुक्रवार, ३१ जुलैला याच बोर्डावर कळेल. यापुढे कधीच जागा कमी होणार नाहीत, असे वचन खरेपणाने देता येत नाही. ३१ मार्च २०२७ पर्यंत दुसरी कपात करायची नाही, एवढे मात्र ठरले आहे.

बुधवारी, ८ जुलैला कॅन्टीनमध्ये सकाळी ७ आणि दुपारी ३ वाजता मी स्वतः बोलणार आहे. गुरुवारी सकाळी ११ वाजता धुळ्याला येईन. अहिराणीत विचारा, मराठीत विचारा, सर्वांसमोर विचारायचे नसेल तर नंतर थांबा. ज्याचे उत्तर तिथे देता येणार नाही, ते तीन दिवसांत बोर्डावर लावू. तोवर काही कानावर आले, तर टाइम ऑफिसात येऊन किंवा मला फोन करून खात्री करून घ्या. ज्यांना ही सूचना वाचता येत नाही, त्यांना सुपरवायझर आज प्रत्येक पाळी सुरू होताना ती शब्दशः वाचून दाखवतील.

व्यवस्थापकीय संचालक