लिपिक परीक्षेचा पेपर फुटल्याचा दावा. प्रश्न जुळले, वेळ सिद्ध नाही

प्रतिनिधी

रविवारी झालेल्या लिपिक भरती परीक्षेचा पेपर परीक्षा सुरू होण्याआधीच टेलिग्रामवर आला होता, असा दावा काही निनावी खात्यांवरून केला जात आहे. तसे खरोखर घडल्याचा पुरावा बुधवारी रात्री उशिरापर्यंत आमच्या हाती आलेला नाही.

टेलिग्रामवरील एका चॅनेलवर पेपरच्या चार पानांची छायाचित्रे आहेत. पोस्टवर वेळ दिसते सकाळी ८.५२, परीक्षा सुरू झाली १०.३० वाजता. ही पाने आम्ही दोन उमेदवारांकडील प्रश्नपुस्तिकांशी ताडून पाहिली. प्रश्न, पर्याय आणि त्यांचा क्रम तंतोतंत जुळतो. पाने खऱ्या पेपरची आहेत, एवढे नक्की.

वेळेबद्दल तसे म्हणता येत नाही. टेलिग्रामवर चॅनेलचालकाला टाकलेली पोस्ट नंतर बदलता येते, तिच्यातले छायाचित्रही बदलता येते, आणि पोस्टवरची मूळ वेळ तशीच राहते. या पोस्टवर बदल केल्याची खूण आहे. काय बदलले आणि केव्हा, हे बाहेरून कळत नाही. सकाळी भलतेच छायाचित्र टाकून परीक्षेनंतर त्याजागी पाने चढवली, असेही असू शकते.

‘एक्स’वर हीच पाने अनेक खात्यांवरून फिरत आहेत. ते स्वतंत्र दुजोरे नव्हेत: दुसऱ्या पानाच्या कडेला दिसणारा अंगठा आणि मधोमध पडलेली घडी सगळीकडे तीच आहे.

रेडिटवरील एका निनावी पोस्टमध्ये केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने पैसे घेऊन पाने पुरवल्याचा आरोप आहे. लिहिणाऱ्याने आमच्या संदेशाला उत्तर दिलेले नाही, आरोपाला दुसरा कोणताही आधार मिळालेला नाही. त्यामुळे त्या केंद्राचे नाव आम्ही छापत नाही. तिथे प्रामाणिकपणे काम केलेल्या प्रत्येकावर तो डाग बसेल. चॅनेलचे नावही देत नाही. पुढच्या परीक्षेचा पेपर देतो असे सांगून तिथे आजही पैसे मागितले जात आहेत.

‘‘पेपर फुटलेला नाही. पोस्टची वेळ दिशाभूल करणारी आहे,’’ असे परीक्षा मंडळाच्या प्रवक्त्यांनी सांगितले. या म्हणण्याला आधार काय, असे विचारले असता त्यांनी तपशील दिला नाही. म्हणून मंडळाचा खुलासाही आम्ही पडताळलेला मानत नाही. मंडळाची तक्रार मिळाल्याला सायबर पोलिसांनी दुजोरा दिला.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मित्राच्या फोनवर पाने पाहिल्याचे एका उमेदवाराने आम्हाला सांगितले. आम्ही त्याचे प्रवेशपत्र पाहिले आहे. नाव त्याच्या विनंतीवरून देत नाही. त्या मित्राशी मात्र अद्याप बोलणे झालेले नाही.

परीक्षेपूर्वी ही पाने कोणाच्या फोनमध्ये उतरवली गेली असतील, तर त्यांनी ती फाइल पुसू नये, पुढेही पाठवू नये. स्क्रीनशॉटवरून वेळ सिद्ध होत नाही. मूळ फाइल फोनसह पाहावी लागेल. संपादकीय विभागाशी संपर्क साधावा, ओळख गुप्त ठेवली जाईल.