अकरा नंबर: दहा भागांच्या लघुमालिकेचा आराखडा

लेखन, दिग्दर्शन आणि संकलन या तिन्ही टेबलांसाठी एकच प्रत. प्रत्येक भाग 4 मिनिटांचा, उभ्या चौकटीत (9:16). एकूण 40 मिनिटं. प्रदर्शन शुक्रवारी आणि शनिवारी, पाच आठवडे.

गोष्टीचं यंत्र

ठाण्यातल्या नौपाड्यातली 1974 सालची तीनमजली इमारत, लिफ्ट नाही, 18 सभासद. पुनर्विकासाचा ठराव येतोय. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी 51 टक्के संमती लागते, म्हणजे 18 मध्ये 10. बाजूने 9 आहेत, विरोधात 8. उरलेला अकरा नंबर 14 वर्षं बंद आहे, पण त्याचा मेंटेनन्स दर महिन्याला न चुकता भरला जात होता. गेले तीन महिने तो थांबलाय. तीन महिन्यांपूर्वीच नायिका मुग्धाचे (29) बाबा गेले.

प्रेक्षकाला दहाही भाग एकच आकडा मोजत ठेवायचा आहे: दहावा हात कोणाचा? ज्या प्रसंगाने हा आकडा हलत नाही किंवा अकरा नंबरबद्दल नवं काही कळत नाही, तो कितीही गोड असला तरी काढायचा. खलनायक बिल्डर करायचा नाही. तो पडद्यावर येतच नाही.

दर भागात परत येणारे तुकडे

*सूचनाफलक* (0:08 ते 0:20). जिन्याखालचा काचेचा फलक, दर वेळी नवी नोटीस, कोपऱ्यात खडूने आकडा: 9–8–1. वाचायला 12 सेकंद मिळतात, म्हणून नोटीस 20 शब्दांच्या वर नको. दहाही नोटिसा सोसायटीच्या लेटरहेडवर आधीच छापून, तारखा टाकून ठेवायच्या. गोष्ट सभेच्या नोटिशीपासून सभेपर्यंतच्या 14 दिवसांत घडते. तारीख एका ठिकाणी चुकली तर पुढचे सगळे भाग अडतात.

*जिना* (साधारण 1:00). दोन शेजारी पायरीवर बोलताना अर्धवट ऐकू येतात. कमाल 25 सेकंद. सातव्या भागात जिना रिकामा ठेवायचा.

*डबा* (2:00 च्या आसपास). अकरा नंबरच्या सभासद वसंतीमावशींच्या जुन्या खानावळीतला एक पदार्थ कोणाच्या तरी स्वयंपाकघरात होतो: डाळिंब्यांची उसळ, अळूचं फदफदं, निनाव. हा तुकडा चौथ्या भागापासून. आधी आणला तर खानावळीचं गुपित फुटतं.

"मागील भागात" फक्त शुक्रवारी, 6 सेकंद. शनिवारी त्याची गरज नाही.

अडकवणी कुठे आणि किती

शुक्रवार ते शनिवार एका दिवसाचं अंतर, शनिवार ते शुक्रवार सहा दिवसांचं. म्हणून विषम भागांचा शेवट हलका, उत्सुकता चाळवणारा, आणि सम भागांचा शेवट सहा दिवस डोक्यात राहील असा. भागाच्या आत एक वळण 2:15 ला, शेवटचा काप 3:40 ला. उरलेल्या 20 सेकंदांत श्रेयनामावली, त्याखाली फक्त इमारतीचा आवाज.

एक कडक नियम: शेवटी दाखवलेला धोका पुढच्या भागाच्या पहिल्या दहा सेकंदांत खोटा ठरवायचा नाही. "दारात कोण? अरे, पेपरवाला!" हे एकदा केलं की प्रेक्षक पुढच्या अडकवणीवर विश्वास ठेवत नाही. माहिती अर्धी लपवण्यापेक्षा पूर्ण द्यावी आणि तिच्यातून नवा प्रश्न उभा करावा. सहावा भाग याच तत्त्वावर आहे.

भाग

1 (शुक्र). फलकावर अकरा नंबरच्या थकबाकीची नोटीस. बाबांचं कपाट आवरताना मुग्धाला पावत्यांचा गठ्ठा सापडतो. शेवट: सगळ्या पावत्या अकरा नंबरच्या आणि मागचं अक्षर बाबांचं.

2 (शनि). सचिव प्रधानकाका गणित मांडतात आणि अकरा नंबरचं वजन सगळ्यांना कळतं. मुग्धाची आई सुलभा विरोधातल्या आठांत आहे, हे इथेच सहज नोंदवायचं. दहाव्या भागाचं बियाणं तेच आहे. शेवट: बाबांच्या दाढीच्या डब्यातली किल्ली अकरा नंबरला लागते. आत 14 वर्षांची धूळ नाही, फरशी कालच पुसलेली.

3. भिंतीवर 2011 चं कॅलेंडर, त्यावर जेवणाऱ्यांची यादी. शेवट: यादीत बाबांचं नाव.

4. मुग्धा इतिवृत्ताचं पुस्तक मागते, प्रधानकाका टाळाटाळ करतात, शेवटी देतात. 2:15 ला अनुक्रमणिकेत ठराव सापडतो: "इमारतीत खानावळ चालवण्यास मनाई". शेवट: ते पान फाडलेलं. फक्त खोड उरलंय, त्यावर अर्धी सही. सही ओळखू येता कामा नये. कलाविभागाने शेवटची दोनच वळणं ठेवावीत.

5. जांभळी नाका. जुना वाणी यादीवरून मावशींची खानावळ ओळखतो. शेवट: "गेल्या गुरुवारीच तर येऊन गेल्या."

6. मालिकेचा कणा. फरशी आईच पुसत होती. देव्हाऱ्यातल्या पोथीत घडी घातलेलं फाटकं पान. ठरावावर सचिव म्हणून बाबांची सही हे 2:15 ला कळतं आणि प्रेक्षकाला वाटतं, उलगडा झाला. 3:36 ला आईचा अंगठा सरकतो: "सूचक: सौ. सुलभा". काप. संगीत नको. आईचा चेहरा दाखवायचा नाही, अंगठाच पुरे.

7. कारण: 2011, मुग्धाची दहावी. खालच्या मजल्यावर जेवणाऱ्यांची वर्दळ, आईची तक्रार, बाबांची सही, मावशींचं घर सोडणं. बाबा मेंटेनन्स भरत राहिले, कारण थकबाकीपायी मावशींचा सभासदत्वाचा हक्क त्यांना धोक्यात येऊ द्यायचा नव्हता. या भागाला अडकवणी नाही. मुग्धा आपली गुणपत्रिका उलटी ठेवते, संपलं. इथे हुक लावायचा मोह होईल; तो टाळावा, नाहीतर आठवा भाग हलका पडतो.

8. खाडीपलीकडे कळवा. मावशी 14 वर्षं एकाच स्टेशनाच्या अंतरावर होत्या, पोळीभाजी केंद्र चालवत. त्या मुग्धाला डबा बांधून देतात, सहीचं नाव काढत नाहीत. शेवट: फलकावर 9 खोडून 8. प्रधानकाकांनी संमती मागे घेतली. आता मावशींची सही मिळूनही बेरीज 9 च होते.

9. 2011 च्या समितीत प्रधानकाकाही होते, जुनं इतिवृत्त सभेत वाचलं जाईल ही त्यांना धास्ती. आई एकटी कळव्याला जाते. शेवट: दार उघडतं, दोघी समोरासमोर. संवाद नाही.

10. विशेष सर्वसाधारण सभा, निबंधक कार्यालयाचा अधिकारी, चित्रीकरण चालू. मावशी सहीआधी एक मागणी करतात: 2011 चा ठराव मोठ्याने वाचावा आणि रद्द करावा. वाचायला आई उभी राहते. मग दोन सह्या, मावशींची आणि आईची. 8 अधिक 2. शेवटचं दृश्य फलक: "मागील ठरावात दुरुस्ती".

चित्रीकरणाच्या सूचना

सहा दिवस. पहिले दोन दिवस फक्त जिना आणि फलक, सगळ्या भागांचे. आकडा खोडताना चूक झाली तर पुन्हा करायला वेळ राहतो. काचेत कॅमेरा दिसतो, म्हणून मागे काळं कापड धरावं आणि काच किंचित तिरकी करावी. रेल्वे जवळ असल्याने आईचे कबुलीचे संवाद भर गर्दीच्या वेळी घेऊ नयेत. लोकलचा आवाज संवादाच्या मध्येच आला तर संकलनात जोड लागत नाही. रिकाम्या खोलीचा एक मिनिटाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करावा.

संवादपट्टी चौकटीच्या खालच्या चतुर्थांशात नको, तिथे ॲपची बटणं येतात. फलकावरचा आकडाही वरच्या अर्ध्यातच.

दुसरा आणि सहावा भाग आधी संकलित करून चार बाहेरच्या माणसांना दाखवायचे. "10 का लागतात?" याचं उत्तर त्यांना दुसऱ्या भागानंतर देता आलं नाही, तर प्रधानकाकांचा गणिताचा प्रसंग पुन्हा लिहायचा. त्यासाठी सहाव्या दिवसाची दुपार मोकळी ठेवली आहे.